ठिपका कुठे, पाणी कधी

‘बाथरूममध्ये लीकेज आहे, लवकर या.’ प्लंबरच्या मोबाइलवर येणारा हा सगळ्यात नेहमीचा निरोप. यात खोटं काही नाही, पण कामाचंही फारसं काही नाही. लोटेसारख्या ठिकाणी या एका ओळीची किंमत जरा जास्तच पडते. लोटे खेड आणि चिपळूणच्या मध्ये, महामार्गावर. औद्योगिक वसाहतीमुळे वस्ती वाढली, इमारती झाल्या, पण थोडं वेगळं फिटिंग लागलं की खेडची किंवा चिपळूणची बाजारपेठच गाठावी लागते. चिपळूणहून येणाऱ्याला परशुराम घाट चढून यावं लागतं. चौपदरीकरणाचं काम आणि दरडी यांपायी २०२२ मध्ये हा घाट काही काळ बंद ठेवावा लागला होता, हे इथल्या माणसाला सांगायला नको. प्लंबर आला, त्याने पाहिलं, ‘याला गवंडी लागेल’ म्हणाला आणि निघून गेला, तर त्याचा अर्धा दिवस गेला आणि तुमचे चार. म्हणून निरोपाने एक काम करायला हवं: निघताना पिशवीत काय भरायचं आणि सोबत कुणाला घ्यायचं, हे प्लंबरला घरबसल्या ठरवता आलं पाहिजे.

निरोपात ठिकाण, वेळ आणि करून पाहिलेले उपाय असावेत, हे कुणीही सांगेल. पण या तिघांचं वजन सारखं नसतं. लोक ठिकाणाबद्दल सर्वांत जास्त लिहितात आणि गळतीच्या बाबतीत ठिकाण हाच सर्वांत फसवा साक्षीदार असतो. वेळ सहसा फसवत नाही, आणि वेळेबद्दल मात्र कुणी काही लिहीत नाही. करून पाहिलेल्या गोष्टींचा उपयोग एवढाच की त्या वेळेच्या साक्षीला उलटतपासणीची जोड देतात. असं का, हे समजायचं तर बाथरूमच्या लादीखाली काय दडलेलं असतं ते पाहावं लागेल.

इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा स्लॅब बऱ्याचदा बाकीच्या खोल्यांपेक्षा खाली टाकलेला असतो. बांधकामवाले त्याला ‘संक’ म्हणतात. कमोडचे आणि न्हाणीचे आडवे पाइप या खोलगट जागेतून जातात, वर विटांच्या रोड्यांचा भराव, त्यावर कोबा आणि मग लादी. (न्हाणीच्या जाळीखालच्या त्या भांड्याला इंजिनियरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही ‘न्हाणी ट्रॅप’च म्हणतात.) आता या भरावात पाणी शिरलं तर काय होईल? ते सरळ खाली येणार नाही. आधी ते रोड्यांमध्ये मुरेल, मग बशीत साचावं तसं स्लॅबवर साचेल आणि स्लॅबला जिथे बारीक चीर, पाइपासाठी पाडलेलं भोक किंवा विजेच्या नळीची जागा सापडेल तिथून खाली उतरेल. ती जागा गळतीच्या मूळ जागेपासून चार-पाच फूट लांबही असू शकते. खालच्या छतावरचा ठिपका पाणी कुठून बाहेर पडलं एवढंच दाखवतो. ते आत कुठून शिरलं, हा वेगळा प्रश्न आहे आणि प्लंबरला त्याच प्रश्नाचं उत्तर हवं असतं.

कोकणात आणखी एक गोष्ट यात भर घालते. जुन्या घरांच्या आणि अनेक नव्या घरांच्याही भिंती जांभ्या चिऱ्याच्या असतात. जांभा सच्छिद्र दगड. पाणी पितो, धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, तिथे श्रावणातली ओली भिंत पाहून ‘पाइप फुटला’ म्हणणं घाईचं ठरतं. पश्चिमेची झड खाल्लेली भिंत आणि आतून पाइप झिरपणारी भिंत, दोन्ही दिसायला सारख्याच: गिलावा फुगलेला, रंगाचे पापुद्रे सुटलेले, खाली पांढरट खार. नुसता फोटो पाहून भल्याभल्या कारागिराला यातला फरक सांगता येणार नाही.

वेळ मात्र फरक सांगते, कारण प्रत्येक पाण्याचं आपलं वेळापत्रक असतं. गच्चीवरच्या टाकीतून नळांना येणाऱ्या लाइनमध्ये दाब चोवीस तास असतो. ती लाइन फुटली तर घरात कुणी असो-नसो, रात्री तीन वाजताही ठिबक चालूच राहते. टाकीत पाणी चढवणारी लाइन वेगळी. तिच्यात दाब येतो तो मोटर चालू असेपर्यंतच, त्यामुळे तिची गळती मोटरच्या वेळेला वाढते आणि नंतर ओसरते. सांडपाण्याच्या पाइपात एरवी पाणी वाहतच नसतं. तिथला सांधा सुटला असेल तर आंघोळ किंवा फ्लश झाल्यावर थोड्याच वेळात पाणी दिसतं आणि लवकर आटतं. लादीच्या फटींतून किंवा न्हाणीच्या कडेने भरावात मुरणारं पाणी उशिरा दिसतं आणि उशिरापर्यंत गळत राहतं, कारण मधली बशी भरायला आणि रिकामी व्हायला वेळ लागतो. पावसाच्या पाण्याला तुमच्या आंघोळीशी देणंघेणं नसतं. ते सरीशी आणि वाऱ्याच्या दिशेशी जोडलेलं असतं आणि चिऱ्याच्या भिंतीतून येत असेल तर पाऊस थांबल्यावरही दिवस-दोन दिवस येत राहतं. शेवटी राहिला ओलावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत गरम पाण्याच्या आंघोळीनंतर छतावर आणि गार पाइपांवर दव धरतं. ते पृष्ठभागभर सारखं पसरलेलं असतं, एका जागी ठिबकत नाही.

या खुणा एकमेकींत मिसळतात, हे खरं. भराव भिजून चिंब झाला असेल तर दाबाच्या लाइनची गळती आणि लादीची गळती दोन्ही दिवसभर ठिबकतात. म्हणूनच नुसतं ‘सतत गळतंय’ लिहिणं पुरत नाही. काय केलं म्हणजे वाढतं, काय बंद केलं म्हणजे थांबतं आणि मध्ये किती वेळ जातो, हे लिहावं लागतं. आणि ‘सकाळी गळतं’ हे तर लोटेत जवळजवळ निरर्थक आहे. इथे अनेक घरांतला दिवस कारखान्याच्या पाळीवर चालतो. दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्रीच्या सुमारास आंघोळ करतो, रात्रपाळीचा सकाळी आठला, आणि त्यांच्यामध्ये मुलांची शाळा. ‘सकाळी’ हा शब्द प्लंबरच्या डोक्यात एक चित्र उभं करतो आणि तुमच्या घरात वेगळंच घडत असतं. घड्याळातली वेळ लिहावी आणि तिच्याशेजारी त्या वेळी बाथरूममध्ये काय झालं ते लिहावं.

यात इथल्या माणसाला नवीन काही नाही. रासायनिक कारखान्यात पाळी बदलताना लॉगबुकात नोंद होते: कुठला पंप, किती वाजल्यापासून गळतोय, कुठला व्हॉल्व्ह बंद केला, त्यानंतर काय झालं. ‘पंप खराब आहे, बघून घ्या’ एवढंच लिहून कुणी पाळी सोडत नाही. पुढच्या माणसाने विचारलेल्या पहिल्या प्रश्नालाच ते कोलमडेल. तोच माणूस घरी आल्यावर ‘लीकेज आहे, लवकर या’ एवढ्यावर भागवतो, याचं जरा नवल वाटतं. कदाचित घरातल्या पाण्याला कुणी यंत्र समजत नसावं.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. दुमजली इमारत, वर एक कुटुंब, खाली दुसरं. दोन्हींची बाथरूम एकावर एक. रविवारी रात्री खालच्यांना छतावरून थेंब पडताना दिसले. वरच्यांनी पहिल्यांदा ठिकाण ठरवून घेतलं, आणि त्यातही एक पथ्य पाळलं. ‘कोपऱ्यात’ किंवा ‘कमोडजवळ’ असं न म्हणता दरवाज्यात उभं राहून आत पाहायचं आणि डावी भिंत, समोरची भिंत, उजवी भिंत असं मोजायचं. वर-खाली भिंती त्याच असल्याने खालचं माप जसंच्या तसं वर नेता येतं. खालचा ठिपका डाव्या भिंतीपासून दीड फूट आणि दरवाज्यापासून अडीच फूट भरला. वर तेवढंच मोजलं तर शॉवरखालची उघडी लादी आली. न्हाणीची जाळी तिथून दोन फूट पलीकडे, समोरच्या भिंतीपाशी. कमोड उजवीकडे. इथेच थांबून ‘शॉवरखालचा पाइप फुटलाय’ असं लिहिलं असतं तर प्लंबर भिंत फोडायच्या तयारीने आला असता.

त्यांनी खालच्यांच्या मदतीने तीन दिवस वेळा टिपल्या. छतावर डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारली आणि बाजूला तारीख-वेळ लिहिली, कारण डाग जुना की वाढता, हे रेघेशिवाय कळत नाही. वरच्या आंघोळी सकाळी सहा ते साडेसात, आणि एक रात्री साडेअकराला. खाली थेंब सुरू व्हायचे ते पहिल्या आंघोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने, आणि थांबायचे दहाच्या सुमारास. दुपारभर छत कोरडं. दुपारी कमोडचा फ्लश चार-पाचदा झाला तरी थेंब नाही. सोमवारी दिवसभर मुसळधार पाऊस होता तरी दुपारी थेंब नाही. सकाळच्या गळतीत खाली भांडं ठेवलं, तर पहिल्या तासाला २०० मिलिलिटर भरलं.

एवढ्यावरच बरंच काही कळतं. दाबाच्या लाइनला दुपारची सुट्टी नसते, त्यामुळे तिच्यावरचा संशय कमी झाला. तरीही मनात शंका राहतेच: आंघोळीच्या वेळी शॉवर चालू होतो, मग शॉवरच्या भिंतीतल्या उभ्या पाइपात तेवढाच वेळ पाणी चढतं. डायव्हर्टरच्या पुढचा तो तुकडा एरवी रिकामा असतो. तिथली गळतीही आंघोळीपुरतीच असेल. म्हणून पुढची पायरी आली. सोमवारी रात्री त्यांनी बाथरूमच्या लाइनचा कॉक बंद केला आणि मंगळवारी सकाळच्या आंघोळी स्वयंपाकघरातून बादल्या आणून केल्या. तरीही पावणेसातला थेंब सुरू झाले. या एका गोष्टीने भिंतीतले सगळे पाइप बाजूला पडले: थंड, गरम, शॉवर, गिझर, सगळे. पाणी नळातून येवो की बादलीतून, गळती होतेच. म्हणजे दोष पाणी येण्याच्या वाटेत नाही, जाण्याच्या वाटेत आहे किंवा लादीत आहे.

मग त्या दोघांना वेगळं केलं. मंगळवारी दुपारी चारला, खालचं छत कोरडं असताना, जाळी काढून नरसाळ्याने एक बादली पाणी सावकाश थेट ट्रॅपमध्ये ओतलं, लादीवर थेंब न सांडता. सहा वाजेपर्यंत वाट पाहिली, खाली काही नाही. बुधवारी चारला ट्रॅपच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवला आणि एक बादली पाणी लादीवर सोडलं. पाच फूट बाय चार फूट लादीवर एक बादली म्हणजे सरासरी एक सेंटिमीटर पाणी, उताराकडे थोडं जास्त. चार वाजून चाळीस मिनिटांनी खाली पहिला थेंब पडला. पाचला बोळा काढला. आंघोळीनंतरही एवढाच वेळ लागत होता, हा मेळ महत्त्वाचा.

दोन चाचण्यांमधल्या वेळेचं पथ्य इथे नजरेआड होऊ नये. भराव आधीच भिजलेला असताना चाचणी केली तर आधीच्या पाण्याचे थेंब नव्या पाण्याच्या नावावर जमा होतात. या घरात छत दुपारी कोरडं होत होतं म्हणून चार वाजताची वेळ चालली. जिथे ठिबक थांबतच नाही तिथे बाथरूमचा वापर निदान एक दिवस बंद ठेवल्याशिवाय अशा चाचणीला अर्थ नाही, आणि भर पावसाळ्यात तो एक दिवसही अपुरा पडू शकतो. टाकीच्या पातळीवरून गळती शोधायची लोकप्रिय युक्तीही अशीच तोलून घ्यावी. हजार लिटरच्या नेहमीच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे नऊ-दहा लिटर. तासाला पाव लिटर गळत असेल तर रात्रीच्या आठ तासांत दोन लिटर जातील आणि टाकी दोन मिलिमीटरने उतरेल. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही. पातळी उतरली तर गळती आहे, हे खरं. उतरली नाही म्हणजे गळती नाही, असं मात्र नव्हे.

आता आक्षेपांकडे वळू, कारण त्यांत तथ्य आहे. पहिला असा की हे सगळं प्लंबरचं काम, तो येईल आणि पाहील. पण काय पाहील? तो अकरा वाजता येईल, आणि या घरात दहाला छत कोरडं होतं. कोरड्या छताखाली उभा राहिलेला कुशल माणूसही अंदाजच करणार, आणि अंदाजाने फोडलेली लादी तुमचीच असते. तीन दिवसांचा पहारा फक्त घरातला माणूसच देऊ शकतो. तो प्लंबरकडून मागितला तर त्याचे पैसे लागतील, आणि रास्तच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. घरच्यांनी केलेल्या चाचण्या चुकतात आणि चुकीची माहिती ही माहिती नसण्यापेक्षा वाईट. हे मान्य करूनच निरोप लिहायला हवा, आणि त्याचा उपाय लिहिण्याच्या पद्धतीतच आहे. निष्कर्ष लिहायचा नाही, दिसलं ते लिहायचं. ‘ड्रेनेज ओके आहे’ असं लिहिलं तर प्लंबरला ते मानावं तरी लागतं किंवा धुडकावावं तरी. ‘ट्रॅपमध्ये एक बादली सावकाश ओतली, दोन तास थेंब नाही’ असं लिहिलं की त्यातली फट त्याला लगेच दिसते: सावकाश ओतली म्हणजे पाइप पूर्ण भरून वाहिलाच नाही, वरच्या अंगाचा सांधा तपासला गेलाच नाही. लादीवर पाणी साठवलं तेव्हा ट्रॅपच्या तोंडाभोवतीची कडही भिजली, म्हणजे दोष लादीच्या फटींत की त्या कडेला, हे अजून उघडंच आहे. ही पुढची बारकाई कारागिराची. त्याला तिथपर्यंत पोहोचवणं हे निरोपाचं काम.

तिसरा आक्षेप फोटो-व्हिडिओचा. चार फोटो पाठवले की झालं, लिहायचं कशाला? फोटो जरूर पाठवावेत: एक दरवाज्यातून पूर्ण बाथरूमचा, एक खालच्या छताचा पेन्सिलच्या रेघेसकट, एक कॉकचा आणि एक जाळीजवळच्या लादीचा. कॉकच्या फोटोवरून पाइप कसला आणि किती जाडीचा, हे प्लंबर ओळखतो. पण डागाच्या फोटोत तास-मिनिटं नसतात. व्हिडिओत ठिबकणारा थेंब दिसतो, तो आंघोळीनंतर चाळीस मिनिटांनी सुरू झाला हे दिसत नाही. व्हॉइस मेसेजलाही हरकत नाही, अनेक कारागिरांना तोच बरा वाटतो. फक्त मापं आणि वेळा लिहूनही द्याव्यात. हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभं राहून दोन मिनिटांचा आवाज पुन्हा ऐकत बसणं त्याला परवडत नाही.

हे सगळं संथ गळतीपुरतं. धार लागली असेल, छत फुगलं असेल किंवा पाणी दिव्याच्या, स्विचच्या, गिझरच्या आसपास असेल तर पहारे आणि चाचण्या बाजूला ठेवाव्यात. ओल्या हाताने काही न करता त्या भागाची वीज मेनवरून बंद करावी, टाकीखालचा मुख्य कॉक बंद करावा आणि लिहीत न बसता फोन करावा. तेव्हा प्लंबरच्या आधी वायरमनही लागू शकतो.

वरच्या उदाहरणातल्या घराने बुधवारी संध्याकाळी पाठवायचा निरोप असा होईल:

‘नमस्कार दादा. लोटेतून बोलतोय, पहिला मजला. आमच्या बाथरूमखाली तळमजल्याच्या बाथरूमच्या छतातून थेंब पडतात. रविवार रात्रीपासून. धार नाही, पहिल्या तासाला २०० मिली भरतं. दिवा-स्विच लांब आहेत.
जागा: दरवाज्यातून आत बघितल्यावर डाव्या भिंतीपासून दीड फूट, दरवाज्यापासून अडीच फूट. वर त्या जागी शॉवरखालची लादी येते. न्हाणीची जाळी तिथून २ फूट पुढे, कमोड उजवीकडे.
वेळ: आंघोळी सकाळी ६ ते ७:३० आणि रात्री ११:३०. पहिल्या आंघोळीनंतर ३०-४५ मिनिटांनी चालू होतं, सकाळचं १० ला थांबतं. रात्रीचं कधी थांबतं ते बघितलेलं नाही. दुपारी फ्लश वापरला तरी गळत नाही. सोमवारी दिवसभर पाऊस होता, दुपारी छत कोरडं होतं.
केलेलं: १) सोमवारी सकाळी जाळीच्या कडेने व्हाइट सिमेंट भरलं, फरक नाही. २) सोमवारी रात्री बाथरूमचा कॉक बंद, मंगळवारी किचनमधून पाणी आणून आंघोळी केल्या, तरी गळलं. ३) मंगळवारी ४ ला ट्रॅपमध्ये एक बादली सावकाश ओतली, ६ पर्यंत काही नाही. ४) बुधवारी ४ ला ट्रॅपला बोळा लावून लादीवर एक बादली पाणी ठेवलं, ४:४० ला थेंब आला.
सध्या कॉक उघडा आहे, वापर चालू आहे. इमारत १२ वर्षांची, लादी पहिलीच. फोटो आणि पत्ता खाली. खालच्यांकडे सकाळी ९ नंतर कुणीतरी असतं. कधी जमेल? पाहायला येण्याचे किती?’

यात दोन-तीन गोष्टी सहज नजरेतून सुटतील अशा आहेत. एक व्हाइट सिमेंटची. आपण केलेली डागडुजी सांगायला लोकांना संकोच वाटतो. पण ती न सांगितली तर ताजं सिमेंट पाहून प्लंबरला वाटेल की कड मुळातच नीट भरलेली होती, आणि नेमका संशयित हातचा निसटेल. एमसील, टेप, घट्ट आवळलेला नट, काहीही असो, कधी केलं आणि त्यानंतर काय बदललं हे सांगावं. दुसरी गोष्ट ‘सध्या कॉक उघडा आहे’ ही. दोन दिवस कॉक बंद ठेवून गळती थांबवलेली असते, प्लंबर येतो, सगळं कोरडं पाहतो आणि दोष सापडत नाही. कॉक आता कुठल्या स्थितीत आहे, हे कळल्याशिवाय कोरड्या छताचा अर्थ लावता येत नाही. तिसरी, ‘बघितलेलं नाही’ हे शब्द. रात्रीची वेळ दडपून ठोकून दिली असती तर निरोप जास्त नीटनेटका दिसला असता आणि कारागीर तिच्यावर विसंबला असता.

चौथा आक्षेप उरतो: इतका लांब निरोप कोण वाचणार? घाईच्या दिवशी कुणी नाही, हे खरं. म्हणून पहिल्या चार ओळींत काय, कुठे, किती आणि धोका आहे का, एवढं आटपलेलं आहे. प्लंबर उभ्याउभ्या तेवढंच वाचेल आणि ‘बघतो’ म्हणेल. बाकीचं तो निघण्याआधी वाचेल, कारण तेव्हा त्याचा स्वतःचा वेळ आणि पेट्रोल पणाला लागलेलं असतं. ‘लीकेज आहे, या’ या निरोपानंतर तो फोन करून हेच सारे प्रश्न विचारतो आणि निम्म्यांची उत्तरं ‘बघून सांगतो’ अशी येतात. लांबी वाचत नाही, फक्त पुढे ढकलली जाते.

असा निरोप वाचणारा जाणता कारागीर भिंत फोडायची छिन्नी आणि पाइपाचे तुकडे बहुधा घरीच ठेवेल. तो ट्रॅपभोवतीची कड खरवडून पाहायची हत्यारं घेईल, ग्राउटचा रंग विचारेल आणि लादी उचलावी लागलीच तर गवंडी कोणत्या दिवशी मोकळा आहे याची आधी चौकशी करून ठेवेल. त्याचं उत्तर बहुधा एका ओळीचं असेल: ‘उद्या ११ ला येतो, आंघोळी सातच्या आत आटपा आणि नंतर बाथरूम कोरडं ठेवा.’ अकरापर्यंत खालचं छत कोरडं होईल, आणि मग तो बोळा लावून, पण या वेळी पाणी जाळीपासून लांब, शॉवरखालीच अडवून, बुधवारची चाचणी स्वतः पुन्हा करून पाहील.